कोठीबाईंची बँकेतली नोकरी

रायपुरात चित्रं काढून पोट भरायचं असेल तर माणसाला मैना काढता आली पाहिजे. मैना हा राज्यपक्षी. राज्य नवं झालं, राजधानी नवी झाली आणि प्रत्येक खात्याला आपल्या पत्रकावर एक हसरी मैना हवी झाली. आरोग्याची मैना हातात इंजेक्शन घेऊन उभी, विजेची मैना बल्ब घेऊन, पाणीपुरवठ्याची मैना नळाला लोंबकळलेली. मैनेचा कंटाळा आला की साहेब लोक रानम्हशीकडे वळत, कारण ती राज्यपशू. आमच्या हातून हेल्मेट घातलेली रानम्हैस निघाली आहे. ती वाहतुकीचे नियम शिकवत असे. तिचा चेहरा बघून वाहनचालक थांबत असतील तर ते भीतीनं.

‘आमच्या हातून’ हे मी उगाच म्हणतो. चित्रं बायको काढते. मी बोलतो. मंडळाच्या गणपतीत नाटकं करून करून माझा आवाज असा तयार झाला आहे की मी हळू बोललो तरी खालचा भांडेवाला वर बघतो. गोल बाजारात एका भांड्यांच्या दुकानावरची खोली म्हणजे आमचा स्टुडिओ. गिऱ्हाइकाला भेटणं, चहा पाजणं, साहेबांच्या विनोदाला त्यांच्याआधी हसणं, चित्रपटातल्या सगळ्या पात्रांचे आवाज काढणं ही माझी खाती. मला साधं अंडं काढता येत नाही. म्हणजे बायकोनं पेन्सिल ठेवली की दुकान बंद, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

आणि त्या उन्हाळ्यात ती पेन्सिल ठेवायच्या बेतात होती. नवा रायपुरातल्या एका शाळेनं तिला चित्रकलेची शिक्षिका म्हणून जुलैपासून बोलावलं होतं. तिनं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, “हे बँकेचं काम शेवटचं समजा. यातलं पात्र मी काढलं तसंच पडद्यावर गेलं तर राहते. त्याची पुन्हा मैना झाली तर जुलैपासून मी पोट्ट्यांना आंबा काढायला शिकवीन. आंब्याला तरी कोणी पगडी घाला म्हणत नाही.”

मी हसलो. ती हसली नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

बँक म्हणजे शहरातली एक जुनी सहकारी बँक. तिथं वित्तीय साक्षरतेचं काम बघणाऱ्या एक मॅडम होत्या, मूळच्या अकोल्याकडच्या, लग्न होऊन रेल्वे कॉलनीत आलेल्या. त्यांचा विभाग म्हणजे त्या स्वतः, एक टेबल आणि एक कर्णा. तो कर्णा घेऊन त्या पाऱ्यापाऱ्यात, म्हणजे वस्तीवस्तीत, जायच्या आणि ज्यांनी जन्मात बँकेचा उंबरा ओलांडला नाही अशांना खातं कसं उघडायचं ते सांगायच्या. बोलून बोलून घसा बसल्यावर त्यांनी संचालक मंडळाकडून एक छोटा कार्टूनपट मंजूर करून घेतला. शाखेतल्या टीव्हीवर चालेल, फोनवरही पाठवता येईल. त्यात एक प्रेमळ पात्र हवं, जे पहिल्यांदा पैसे साठवणाऱ्याचा हात धरून त्याला खिडकीपर्यंत नेईल.

“भाऊ, लोकाईले बँकेचं भेव वाटते,” त्या मला म्हणाल्या. “गार्ड बंदूक घेऊन उभा राहते, काचेमागचा मान वर करत नाही. असं काहीतरी काढा का त्याले पाहून बाईनं चप्पल बाहेर न काढता आत यावं.”

बायकोनं पहिल्या खेपेला पानभर लहान लहान आकृत्या काढल्या, नुसत्या काळ्या, आत काही नाही. हा तिचा नेहमीचा रिवाज. पात्र नुसत्या सावलीवरून ओळखू आलं तर ते टपालाच्या तिकिटाएवढं झालं तरी ओळखू येतं, आणि पासबुकाच्या कोपऱ्यात ते तेवढंच होणार असतं. डोळे, रंग, हसू हे सगळं नंतर. मॅडम चष्मा सरसावून एकेका सावलीचा निकाल लावू लागल्या.

खार? “खार दाणे पुरते अन् कुठं पुरले ते विसरून जाते. लोकं म्हणतीन, बँकही विसरली त?”

मातीचा गल्ला? “तो फोडा लागते. आमच्या पिच्चरमंदी काही फुटलेलं चेअरमनले चालन का?”

मुंगी? “घरात मुंगी दिसली का बाई आधी हळद टाकते.”

गाय? मॅडम नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. आम्ही गाय खोडली.

घरी आल्यावर बायको दोन दिवस जुन्या वह्या चाळत होती. मग तिनं एक जाडजूड बाई काढली, जिला मान नव्हती आणि कंबरही नव्हती. ती मातीची कोठी होती. कुठल्याशा खात्याच्या पत्रकासाठी आम्ही एका गावात गेलो होतो तेव्हा तिनं ती एका घरात पाहिली होती. शेणमातीनं लिंपलेली, माणसापेक्षा उंच. धान वरच्या तोंडातून ओतायचं, आणि खाली बुडाशी एक लहान भोक, चिंधीचा बोळा मारलेलं. लागेल तेवढं धान तिथून काढायचं आणि बोळा परत लावायचा.

“वरून भरा, खालून काढा, बाकीचं आत राहते,” ती म्हणाली. “बचत खातं याच्यापेक्षा वेगळं काय असते?”

मी उडालोच. ताबडतोब कोठीबाईंचा आवाज काढून दाखवला, पोटातून, घुमणारा. तो ऐकून खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक परातीचा भाव करायचं थांबलं.

मग कोठीबाईंना देह मिळाला. बायकोनं डोळे चेहऱ्याच्या मध्याखाली उतरवले, त्यामुळे एवढी अवाढव्य बाई बाळासारखी दिसू लागली. कोपरा कुठंही नाही, सगळं गोल. रंग मोजकेच, मातीचा, चुन्याचा आणि कडेला गेरूची नक्षी. समोरून, तिरकी, बाजूनं आणि पाठीमागून अशी चार रूपं एका कागदावर उभी केली. दुसऱ्या कागदावर हसणारी, विचार करणारी, दचकलेली आणि “पिन कुणाला सांगू नका” म्हणून डोळे वटारणारी. शेवटी हातपाय वेगळे कापून संगणकात त्यांना सांधे बसवले, म्हणजे प्रत्येक चौकट नव्यानं काढावी लागत नाही, बाहुलीसारखं हलवता येतं. कोठीबाई पहिल्यांदा चालल्या तेव्हा बायको स्वतःशीच हसली. लग्नानंतर मी ज्या ज्या गोष्टींनी तिला हसवायचा प्रयत्न केला त्या सगळ्यांचा मला त्या क्षणी राग आला.

आता संचालक मंडळ. बायको तिथं कधी येत नसे. म्हणे, तिथली खुर्ची टोचते. चार रूपांचा कागद मी टेबलावर पसरला. अध्यक्षजी वयस्कर, शांत, तांदळाच्या गिरणीचे मालक. त्यांच्या उजव्या हाताला कापडाचे व्यापारी असलेले एक संचालक बसत. ज्याचं मत मागितलेलं नाही ते आधी द्यायचं, ही त्यांची पद्धत.

“अच्छा है,” कापडवाले म्हणाले. “लेकिन गरीब दिखती है. इसको एक पगड़ी पहना दो.”

“और अपनी मैना भी चाहिए ना?” दुसरं कुणीतरी म्हणालं. “सिर पे बिठा दो.”

मी “जी, जी” करत सगळं कागदावर पेन्सिलीनं लिहून घेतलं. हा आमच्या धंद्याचा रिवाज आहे. गिऱ्हाइकाच्या सूचना कागदाच्या कडेला लिहायच्या, बदल करायचे, पुन्हा दाखवायचं, आणि सूचना संपल्या की त्याच कागदावर सही घ्यायची. सही झाली की पात्र कायम. बायकोच्या इतक्या वर्षांच्या कामात असा एकही कागद नव्हता ज्याच्या कडा कोऱ्या राहून सही झाली होती.

तिनं सूचना वाचल्या. मी दाराजवळ उभा होतो, गरज पडली तर पळायला.

“पगडी घातली तर धान कुठून ओतायचं?” ती म्हणाली. “तोंडच बंद. अन् कोठीवर मैना बसली तर ती काय करते? धान खाते. बँकेच्या डोक्यावर बसून लोकांचे पैसे टिपणारी मैना हवी का, ते विचारून या.”

मी पोस्टमनसारखा परत गेलो आणि हे जरा मध घालून सांगितलं. अध्यक्षजी गिरणीवाले. पाखरं धान कशी खातात हे त्यांना कुणी समजावायला नको होतं. ते गालातल्या गालात हसले. पण कापडवाले अडून बसले, कुणी म्हणालं बँकेचा निळा रंग द्या, कुणी म्हणालं टाय बांधा. मी खालीवर, खालीवर. त्या महिन्यात बँकेच्या जिन्याचा आणि माझ्या गुडघ्यांचा इतका परिचय झाला की ते एकमेकांना शिव्या देऊ लागले. बायकोचा चेहरा रोज थोडा मिटत होता. शाळेचं पत्र फ्रिजवर लावलेलं होतं. मी दूध काढायला गेलो की ते मला दिसायचं.

कोंडी मॅडमनी फोडली. त्यांनी अध्यक्षजींना सांगितलं, “साहब, आप लोग तो पैसा रखना जानते हैं. जो नहीं जानतीं, पहले उनको दिखाते हैं.” अध्यक्षजींना निर्णय लांबणीवर टाकणं आवडलं. कच्चा चित्रपट, म्हणजे अर्धवट हलणारी चित्रं आणि त्यावर माझा आवाज, घेऊन आम्ही तिघं निघालो.

नवा रायपुरच्या त्या अफाट रस्त्यांच्या कडेला जुनी गावं अजून तशीच आहेत. त्यातल्या एका गावच्या सामुदायिक भवनात बायका जमल्या होत्या. कुणी रस्त्याच्या मधल्या झाडांना पाणी घालणारी, कुणी कार्यालयांत झाडू मारणारी. मजुरी रोख हातात मिळायची, आणि बँकेत खातं बहुतेकींचं नव्हतं. पहिल्या रांगेत एक जाडजूड सासू आणि तिच्या शेजारी तिची बारीक सून. मॅडमनी लॅपटॉप खुर्चीवर ठेवला. खोलीत पंखा होता, वीज नव्हती.

कोठीबाई आल्या. माझ्या आवाजात गरजल्या, “राम राम बहिनी मन!” ‘बहिणींनो’ म्हटल्यावर बायका सावरून बसल्या. कोठीबाईंनी वरून पैसे घेतले, पोट टम्म झालं, सगळ्या खूश. मग कोठीबाई चालत चालत एका बाईपाशी गेल्या, थांबल्या, आणि गरजेपुरते पैसे त्यांनी खालच्या भोकातून काढून दिले.

आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. जागची न हलणारी कोठी वेगळी. तिला दोन पाय लावले की ते भोक नेमकं कुठं येतं? आम्ही दोघांनी ते पात्र इतके आठवडे जवळून पाहिलं होतं की आमच्या लक्षातच आलं नव्हतं. मागून कुणीतरी “ए दाई!”, म्हणजे ‘अगं आई गं!’, म्हणालं आणि भवन कोसळलं. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत होत्या, तोंडात पदर कोंबत होत्या. एक म्हातारी तर भिंतीकडे तोंड करून थरथरत होती. मॅडमही हसत होत्या. मी स्वतः इतका हसलो की मला बाहेर जावं लागलं. परत आलो तेव्हा फक्त बायको हसत नव्हती. वहीत काहीतरी टिपत होती.

“भोक कडेला घेता येईल,” ती मला हळूच म्हणाली. “कमरेशी. तो काही मोठा प्रश्न नाही.”

हसणं ओसरल्यावर मॅडमनी छत्तीसगढीत विचारलं, “कइसे लगिस?” म्हणजे कसं वाटलं?

“बने हे,” छान आहे, असं सासू म्हणाली. “बहुत बने हे. हमर घर म घलो कोठी हे. कोठी मोर, बोजा मोर. मोर बिना पूछे घर म कोनो धान नइ निकालय.” म्हणजे कोठी तिची, बोळाही तिचा. आणि तिनं सुनेकडे असं पाहिलं जसा फौजदार चोराकडे बघतो.

सून जमिनीकडे बघत होती. मॅडमनी विचारलं, “अउ तैं, नोनी? तोला कइसे लगिस?”

“बने हे, दीदी,” ती म्हणाली.

“खाता खोलबे?”

तिनं सासूकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात, “कोठी ल त सब्बो झन खोल लेथें, दीदी.”

“काय म्हणाली?” मी बायकोला विचारलं. मला ऐकू आलं नव्हतं. मीच त्या कार्टूनमधून अजून गरजत होतो, आवाज बंद करायचा राहिला होता.

“कोठी काय, सगळेच उघडतात, असं म्हणाली.”

सासू भडकली. “कोन खोलथे? बता! कोन?” बाकीच्या बायका मध्ये पडल्या, कुणी सासूची बाजू घेतली, कुणी सुनेची. मॅडम घसा ताणून सांगत राहिल्या की खातं ज्याच्या नावाचं त्याचंच असतं, पैसे काढायचे तर त्याचीच सही लागते किंवा अंगठा, सासूला देत नाहीत, नवऱ्यालाही देत नाहीत. “अउ ओ नामिनी?” सासूनं विचारलं. कुठूनतरी तिनं तो ‘नॉमिनी’ शब्द मिळवला होता. “नामिनी ला तुम्हर मरे के बाद मिलथे, अम्मा,” मॅडम म्हणाल्या. “जियत ले नइ.” सासूला ही व्यवस्था अर्धवट वाटली.

सभा संपली. त्या बायकांनी चहासाठी वर्गणी काढली होती. सुनेची पाळी आली तेव्हा ती उठून भिंतीकडे वळली, आमच्याकडे पाठ केली, पदराच्या टोकाची गाठ सोडली, एक नाणं काढलं, गाठ पुन्हा आवळली आणि मग वळली. चहा फार गोड होता. बायकोनं तो तसाच गार होऊ दिला.

परतीची बस तिकडं कधी येते हे कुणालाच माहीत नसतं. त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर थांब्याच्या पट्टीएवढ्या सावलीत आम्ही तिघं उभे होतो आणि माझा फोन वाजला. अध्यक्षजी. कापडवाले बाहेरगावी गेले होते, ती संधी साधून बाकीच्यांनी बैठक उरकली होती. “आपकी कोठी पास है,” ते म्हणाले. “जैसी बनाई, वैसी. ना पगड़ी, ना मैना. कागज लेके आइए, साइन कर देता हूँ.”

मी रस्त्यावर नाचलो. खरोखर नाचलो, तिकडं बघायला कुणी नसतंच. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, “हूं.”

“हूं काय? पास झाली! काढली तशी!”

“ऐकलं मी.”

“मग?”

“मग काही नाही. बस येऊन राहिली, हात करा.”

घरी आल्यावर ती टेबलापाशी बसली. मी सहीसाठी कागद शोधत होतो, ती देईना. तिच्यासमोर नवा कोरा कागद होता आणि त्यावर ती गाठ काढत होती. कापडाची गाठ. मी वाकून पाहिलं.

“हे काय करून राहिली तू?”

“कोठी घराची असते,” ती म्हणाली. “ज्याच्या हाती घर त्याच्या हाती कोठी. त्या पोरीला तेच नको आहे. तिला अशी जागा हवी जी तिच्याशिवाय कोणी उघडणार नाही. आपण तिला सासूची कोठी नेऊन दाखवली अन् म्हटलं, ये, इथं ठेव पैसे.”

“अगं पण पास झाली ना! तुला काय पाहिजे होतं? काढलं तसं पास व्हावं. झालं!”

“झालं.”

“मग काहून?”

“चुकीचं काढलं होतं, म्हणून.”

नवऱ्याला अशा वेळी जे जे सुचतं ते सगळं मी बोललो. इतकी वर्षं मैना काढताना चूक-बरोबर कुठं पाहिलं, असं म्हणालो. तू म्हणजे अशी बाई आहेस की गिऱ्हाईक हो म्हणालं तर तूच नाही म्हणतेस, असंही म्हणालो. ती रेषा ओढत राहिली. बोलून दमलो तेव्हा मी पाणी प्यायला उठलो. येऊन बघतो तर कागदावरची गाठ माझ्याकडे बघत होती. गाठीची दोन टोकं वर उभी राहिली होती, सशाच्या कानांसारखी. पोट गोल, आतलं नाणं किंचित फुगलेलं. साडीच्या काठाची एक पट्टी पोटावरून गेलेली. डोळे दोन ठिपके. तिला पाय नव्हते, ती उड्या मारत चालणार होती. सावली करून पाहिली तर लांबूनही ओळखू येत होती.

“पुरुषही गमछ्याला अशीच गाठ मारतात,” ती म्हणाली. “रंग बदलला की झालं. टोकं ओढली की बंद, सोडली की उघडी. हात कोणाचा, तर जिची गाठ तिचा.”

मॅडमना दाखवली. त्यांनी कागद जवळ ओढून घेतला. मग स्वतःच्या पदराचं टोक बघून म्हणाल्या, “माया सासूले आजपर्यंत मालूम नाही बरं.” आणि मग सुस्कारा टाकून, “पण वहिनी, चेअरमननं कोठी पास केली हाय. आता मी कोणत्या तोंडानं जाऊ वरते?”

“मी येते,” बायको म्हणाली.

ती टोचणारी खुर्ची मी तिच्यासाठी ओढली. ती उभीच राहिली. कापडवाले परत आले होते, आणि गंमत अशी की आपल्या पाठीमागे पास झालेल्या कोठीवर त्यांचं आता अतोनात प्रेम जडलं होतं.

“कोठी में क्या खराबी है?” ते म्हणाले. “भरी-पूरी लगती है. समृद्धि दिखती है. और ये क्या है? चिंधी! बैंक को चिंधी बना दिया.”

जन्मात पहिल्यांदा एक संचालक मंडळ माझ्या बायकोच्या चित्रासाठी भांडत होतं, आणि ती ते परत मागत होती. मला हसावं की रडावं कळेना. खरं सांगतो, गाठीच्या कागदांपायी आम्ही दोघं रात्रभर जागलो होतो आणि मला झोप येत होती.

“भाईसाहब,” ती म्हणाली, “आपके घर में तिजोरी कौन खोलता है?”

“मैं खोलता हूँ.”

“और भाभीजी अपना पैसा कहाँ रखती हैं?”

कापडवाले शेजारच्या संचालकाकडे बघू लागले. त्यांना माहीत नव्हतं. टेबलाभोवती कुणालाच माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. अध्यक्षजी खिडकीकडे बघत होते.

“लेकिन लोग कहेंगे, गाँठ तो घर में ही है, फिर बैंक काहे को?” एकानं विचारलं. प्रश्न चांगला होता.

“गाँठ धुलाई में चली जाती है,” बायको म्हणाली. “ढीली हो जाए तो रस्ते में गिर जाती है. और दिख गई तो माँग ली जाती है. पिक्चर में यही तीन बातें हैं. फिर गाँठ बैंक में आती है, और उसको खोलने के लिए उसी की सही लगती है.”

अध्यक्षजींनी मग सहकारी क्षेत्रात मुरलेल्या माणसाला शोभेल असा निर्णय दिला. कोठीबाई बँकेच्या कॅलेंडरवर जातील, बाराही महिने. चित्रपटात गाठ. कापडवाल्यांना कॅलेंडर मिळालं म्हणून ते शांत झाले. गाठीचा कागद पुढं सरकवला तेव्हा माझ्या हातात सवयीनं पेन्सिल होती. कुणी काही सुचवलं नाही. बहुधा सगळे दमले होते. अध्यक्षजींनी सही केली आणि कागद उलटा करून, मागची बाजूही पाहून, परत दिला.

घरी येऊन मी तो कागद खिडकीच्या उजेडात धरला. कडा चारही बाजूंनी कोऱ्या. बायकोला दाखवला. तिनं पाहिला आणि म्हणाली, “पडदे लावा. डोळे दिपून राहिले.” आणि जी झोपली ती संध्याकाळी उठली. शाळेबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही. काही प्रश्न नवऱ्यानं विचारले की उत्तर बदलतं.

राहिला होता आवाज. मी गाठीसाठी तीन आवाज बसवून ठेवले होते, एक खट्याळ, एक मायाळू आणि एक ज्याच्यात मी थोडं गाऊनही घेत होतो. बायकोनं तिन्ही ऐकून घेतले.

“छान आहेत,” ती म्हणाली. “पण तुम्ही नाही.”

“म्हणजे?”

“तुमचा आवाज घरभर ऐकू जातो. गाठ असं बोलते का? ती कानात बोलेल. सासू शेजारच्या खोलीत आहे, असं बोलेल.”

तर आवाज मॅडमनी दिला. ज्या बाई आयुष्यभर कर्ण्यातून ओरडून बोलल्या, त्यांना कुजबुजायला शिकवण्यात एक अख्खी दुपार गेली. त्या दिवशी बाजार बंद होता, खाली भांडी गप्प होती. मॅडम डोक्यावरून रजई घेऊन मायक्रोफोनपाशी बसल्या. पंख्याचा आवाज येतो म्हणून तो बंद. मी, गणपतीतला नामांकित नट, पंख्याच्या बटणावर बोट ठेवून उभा, आणि घामानं निथळत होतो. रजईतून आवाज आला, “खाता तोर नाव के, अंगठा तोर. कोनो ल झन बताबे.” खातं तुझ्या नावाचं, अंगठा तुझा, कुणाला सांगू नकोस. इतका हळू की मी नकळत पुढं वाकलो.

“पुन्हा एकदा,” बायको म्हणाली. “‘झन’वर जरा थांबा.”

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. तिनं पडद्यावरचं नाव पाहिलं, मॅडमना हातानं थांबा म्हटलं आणि जिन्यात गेली. दार नीट लागलं नव्हतं.

“हो, मीच बोलते,” ती म्हणत होती. “नाही हो, जुलैमध्ये नाही जमणार. नाही, पगाराचं काही नाही. हाती एक काम आहे, त्याच्या पापण्या अजून व्हायच्या आहेत.”

ती आत आली. रजईतून मॅडम म्हणाल्या, “भाऊ, एक मिनिट पंखा लावता का? मी मरून राहिली इथं.”

मी लावला.